बहिणीनं जमिनीत वाटा मागितला की घराची 'इज्जत' का जाते?

राजस्थानातल्या तहसील कार्यालयात एक कागद नेहमी पाहायला मिळतो. त्याचं नाव 'हक त्याग'. वडील वारले की लग्न झालेल्या मुली येतात, वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून देतात आणि सही किंवा अंगठा करून परत जातात. कागदावर लिहिलेलं असतं की हे सगळं स्वेच्छेनं, कुणाच्याही दबावाशिवाय केलं आहे.

आता गंमत अशी की कायद्यानं या मुलींना मुलांइतकाच हक्क दिलेला आहे. कुणी त्यांना मारहाण केलेली नसते, बहुतेक वेळा कुणी आवाजही चढवलेला नसतो. तरीही लाखो रुपयांची जमीन त्या एका सहीत सोडून देतात. असं का होतं, हे विचारलं की उत्तरात एक शब्द हमखास येतो. तो म्हणजे 'इज्जत'.

इज्जत म्हटलं की आपल्याला हरियाणातल्या खाप पंचायती आणि पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्यांच्या हत्या आठवतात. पण त्या टोकाच्या घटना आहेत. हा शब्द रोजच्या आयुष्यात किती शांतपणे काम करतो, हे पाहायचं असेल तर बहिणीच्या वाट्याचं उदाहरण सगळ्यात चांगलं. तेच आज समजून घेऊया.

इज्जत म्हणजे नेमकं काय?

शब्द मूळचा अरबी. ज्या धातूपासून 'अझीझ' हा शब्द येतो, त्याच धातूपासून 'इज्जत' येतो आणि त्याच्या मुळाशी बळ, प्रतिष्ठा असा अर्थ आहे. फारसीमार्गे तो हिंदी-उर्दूत आला आणि तिथून मराठीतही. त्याचा जोडीदार शब्द 'आबरू' फारसी आहे, त्याचा शब्दशः अर्थ चेहऱ्याचं पाणी, म्हणजे चेहऱ्यावरचं तेज. आपण त्याला 'अब्रू' म्हणतो आणि कोर्टात 'अब्रूनुकसानी'चा दावाही लावतो.

पण उत्तर भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या गावांमध्ये इज्जत हा शब्द नुसत्या 'आदर' या अर्थानं वापरला जात नाही. आदर एखाद्या माणसाला मिळतो. इज्जत मात्र घराची असते. ती एखाद्या संयुक्त खात्यासारखी चालते. खातं सगळ्यांच्या नावावर असतं, पण एकानं चूक केली तरी सगळ्यांची शिल्लक कमी होते. मुलगी पळून गेली, मुलगा दारूच्या नशेत चौकात पडला, लग्नात जेवण कमी पडलं, तर 'नाक कटली' ती पूर्ण घराची.

आणि या खात्याचं पासबुक घरात नसतं, ते बिरादरीकडे असतं. आपण स्वतःला कितीही मान देऊ, इज्जत आहे की नाही हे ठरवतात ते शेजारी, सोयरे आणि जातभाई. म्हणून 'लोग क्या कहेंगे' हा तिथं खराखुरा हिशेब असतो. पुढच्या मुलीला स्थळ येईल का, अडचणीला उसने पैसे मिळतील का, भांडणात चार माणसं आपल्या बाजूनं उभी राहतील का, हे सगळं त्या शिल्लकेवर ठरतं.

पण यात जमीन कुठून आली?

त्यासाठी तिथली लग्नाची पद्धत बघावी लागेल. हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या शेखावाटी भागातल्या, म्हणजे झुंझुनू-सीकरकडच्या, शेतकरी जातींमध्ये मुलीचं लग्न स्वतःच्या गावात करत नाहीत. गावातली मुलगी ही गावातल्या सगळ्या मुलांची बहीण मानली जाते. स्वतःच्या गोत्रातही लग्न चालत नाही. त्यामुळे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावात जाते आणि मुलगा मात्र जन्मापासून मरेपर्यंत त्याच गावात राहतो.

अशा ठिकाणी मुलीला जमीन दिली तर ती जमीन बाहेरगावच्या जावयाच्या घराकडे जाणार, अशी भीती असते. तो येऊन शेत कसणार, किंवा कुणा परक्याला विकणार. म्हणजे भावांच्या बांधाला बांध लागून एक अनोळखी माणूस येणार. हरियाणावर अनेक वर्षं काम केलेल्या इतिहासकार प्रेम चौधरी यांनी हा धागा नीट दाखवून दिला आहे. लग्नाच्या नियमांमागे जमिनीची काळजीसुद्धा दडलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

ही काळजी किती खोल होती, याचा पुरावा सरकारी दप्तरातही आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वारस केलं. त्यावर हरियाणा विधानसभेनं १९६७ मध्ये ठराव करून केंद्राला कायदा बदलायला सांगितलं, तर १९७९ मध्ये मुलींचा हा हक्क काढण्यासाठी विधेयक मंजूर करून राष्ट्रपतींकडे पाठवलं. त्याला मंजुरी मिळाली नाही. कायदा बदलता आला नाही, पण कायदा वापरायचाच नाही असा रिवाज मात्र पक्का झाला. आणि तो रिवाज टिकवायचं काम इज्जतीनं केलं.

एक घर, २० बिघे

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका काल्पनिक घरावरून पाहू. घर शेखावाटीतलं. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली २० बिघे जमीन आहे. ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली.

कायद्याचा हिशेब सोपा आहे. आई, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. पाच जण, पाच समान हिस्से. प्रत्येकाला ४ बिघे. वडील गेल्यावर नामांतरण होतं, म्हणजे आपल्याकडे फेरफार होतो तसं, तेव्हा पाचही नावं सरकारी नोंदीत लागायला हवीत.

आता घरातला हिशेब बघा. वडील गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी 'पगडी'चा विधी होतो. सगळ्या बिरादरीसमोर मोठ्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधली जाते. पगडी म्हणजेच घराची इज्जत, आणि ती आता त्याच्याकडे आली असा त्याचा अर्थ. बहिणी दुःखात असतात आणि नातेवाईक जमलेले असतात. याच दिवसांत कुणीतरी वडीलधारा काका सहज विषय काढतो की नामांतरणाचं काम एकदा उरकून घ्या, मुली आल्याच आहेत तर तहसीलला जाऊन येऊ.

लक्षात घ्या, 'तू जमीन सोडतेस का?' असं कुणी विचारत नाही. ती सोडणार हे गृहीत धरलेलं असतं आणि प्रश्न फक्त तारखेचा असतो. अशा वेळी 'थांबा, मला विचार करायचा आहे' एवढं म्हणणंसुद्धा मोठी गोष्ट ठरते. कारण त्या क्षणी बहीण एकटी भावाशी बोलत नसते. ती नव्यानं बांधलेल्या पगडीवर सगळ्यांसमोर हात टाकत असते.

दोघी बहिणी सही करतात. बऱ्याचदा आईही करते. जमिनीचे पाच हिस्से होते तिथं दोन होतात, आणि भावांना प्रत्येकी १० बिघे मिळतात.

बहिणीला बदल्यात काय मिळतं?

बहिणी भोळ्या असतात म्हणून सही करतात, असं समजणं चुकीचं ठरेल. त्याही हिशेब करत असतात, फक्त त्यांचा हिशेब वेगळा असतो.

अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी १९९४ मध्ये आलेल्या आपल्या 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' या पुस्तकात दक्षिण आशियातल्या बायका आणि जमीन यांचा सविस्तर अभ्यास मांडला. जमिनीवरचा हक्क सोडून बहीण भावाचा आधार विकत घेते, असा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. सासरी छळ झाला, नवरा वारला, तर परतायला एकच दार असतं आणि ते भावाचं. जमीन मागितली तर ते दार बंद होईल, हा धोका खरा आहे.

शिवाय माहेरची इज्जत बहिणीला सासरी रोज लागते. राजस्थानात बहिणीच्या मुलामुलींच्या लग्नात भाऊ 'मायरा' भरतो, यालाच 'भात'ही म्हणतात. बहीण आधी माहेरी जाऊन भावाला रीतसर आमंत्रण देते. मग भाऊ कपडे, दागिने, रोख रक्कम घेऊन येतो, सगळ्यांसमोर ते मांडतो आणि बहिणीच्या अंगावर चुनडी घालतो. त्या एका तासात तिची सासरची किंमत ठरते. नरसी मेहतांची मुलगी नानीबाई हिच्या मायऱ्याची कथा राजस्थानात आजही गावोगावी सांगितली जाते. गरीब नरसी काय आणणार म्हणून सासरचे टोमणे मारतात आणि शेवटी स्वतः कृष्णच मायरा घेऊन येतो. ज्या बाईचा भाऊ येणार नाही, तिच्यासाठी देवाला यावं लागतं, एवढी ही गोष्ट नाजूक आहे.

आता याची किंमत मांडून बघू. समजा आपल्या उदाहरणात एका बिघ्याचा भाव ५ लाख रुपये आहे. बहिणीनं ४ बिघे सोडले, म्हणजे २० लाख. तिला दोन मुलं आहेत आणि भाऊ प्रत्येकाच्या लग्नात ३ लाखांचा मायरा भरतो, म्हणजे ६ लाख. सणावाराची साडी, बाळंतपण वगैरे धरून आणखी १ लाख. व्यवहार म्हणून पाहिलं तर बहीण १३ लाखांनी तोट्यात आहे. त्याहून मोठा फरक म्हणजे जमीन तिच्या नावावर असते तेव्हा ती तिची असते. मायरा मात्र भावाच्या मर्जीवर, त्याच्या कमाईवर आणि वहिनीच्या स्वभावावर अवलंबून असतो. बहिणीनं हक्क सोडला आणि बदल्यात आशा घेतली, असा हा सौदा.

भावालाही हे सगळं फुकट पडत नाही. जमीन त्याच्याकडे आली म्हणजे मायरा भरायची जबाबदारीही आली. नागौर भागात कोट्यवधींच्या मायऱ्यांच्या बातम्या होतात, आणि त्या बघून साध्या शेतकऱ्यावरही मोठ्या मायऱ्याचं दडपण येतं. कमी मायरा नेला तर इज्जत जाते, म्हणून कर्ज काढणारे भाऊही असतात.

दुसरं कुलूप सासरचं

तुम्ही म्हणाल, माहेर राहू दे, नवरा आणि सासरचे तिला वाटा मागायला लावत असतील की. काही घरांत लावतातही. पण तिथं इज्जतीचं दुसरं कुलूप आहे. बायकोच्या माहेरच्या जमिनीवर डोळा ठेवणारा नवरा बिरादरीत हलका समजला जातो. सासऱ्याच्या गावात जाऊन राहणाऱ्या घरजावयाची तर चेष्टाच होते. म्हणजे बाईनं वाटा मागितला तर माहेरचे म्हणणार, 'हिला नवऱ्यानं फूस लावली', आणि नवरा नाही नाही म्हणत बसणार, कारण आता प्रश्न त्याच्या इज्जतीचा झालेला असतो.

या सगळ्यात एक शक्यता कुणाच्याच डोक्यात येत नाही, ती म्हणजे बाईला ती जमीन स्वतःसाठी हवी असेल. ती एकतर भावाची असते किंवा नवऱ्याची. अनेकदा वाटा मिळाला तरी तो कसायचा किंवा विकायचा निर्णय नवराच घेतो, ही या लढाईची दुसरी मर्यादा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायकांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के होतं. शेतात राबणाऱ्या बायकांची संख्या आठवली की हा आकडा किती लहान आहे ते कळतं.

कायदा काय म्हणतो आणि कुठं थांबतो?

कायदा आज मुलींच्या बाजूनं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत का, यावर बराच गोंधळ होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला आणि तशी अट नाही असं सांगितलं.

पण काही जागा मोकळ्या राहतात. वडील स्वतः कमावलेली जमीन मृत्युपत्र करून फक्त मुलांना देऊ शकतात. आणि मुलीनं स्वतःच हक्क सोडला तर कायदा तिला अडवत नाही.

इथंच खरी अडचण आहे. हक त्यागाचा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. एकदा तो झाला की रद्द करण्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. मुदत साधारणपणे तो प्रकार कळल्यापासून तीन वर्षं. धमकी दिली, कोऱ्या कागदावर सही घेतली, अंगठा कशावर घेतोय ते सांगितलंच नाही, असं काही असेल तर कोर्टाला दाखवता येतं. पण 'भाऊ बोलणं टाकेल', 'आई रडत होती', 'मुलीच्या लग्नात मायरा कोण भरणार' हे कोर्टात दबाव म्हणून सिद्ध करणं फार कठीण. इज्जतीचा दबाव कागदावर उमटत नाही. कागदावर उमटते ती फक्त 'स्वेच्छा'.

सीमेपलीकडे कायदा वेगळा, गोष्ट तीच

हे फक्त हिंदू घरांपुरतं आहे असं वाटत असेल तर पाकिस्तानातल्या पंजाब आणि सिंधकडे बघा. मुस्लीम वारसा कायद्यानुसार मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो आणि तो धर्मानंच ठरवून दिलेला आहे. तरीही तिथल्या जमीनदार घरांमध्ये बहिणीनं आपला वाटा भावाला 'माफ' करावा अशी अपेक्षा असते. कारणंही तीच, जमीन परक्या घरात जाऊ नये आणि बहीण लोभी दिसू नये.

हा प्रकार इतका पसरलेला होता की २०११ मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं फौजदारी कायद्यात कलम घातलं. फसवून किंवा बेकायदा मार्गानं बाईला वारशापासून दूर ठेवल्यास पाच ते दहा वर्षं कैद, किंवा १० लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यानं मुलीचं 'कुराणाशी लग्न' लावण्यालाही गुन्हा ठरवलं. जमीन घरातच राहावी म्हणून मुलीला आयुष्यभर अविवाहित ठेवायची ती पद्धत होती. धर्म वेगळा, देश वेगळा, वाटणीचं गणितही वेगळं. पण शिल्लक कोण तपासतं आणि ती राखायला कुणाला सांगितलं जातं, यात फरक नाही.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात याच कागदाला 'हक्कसोड पत्र' म्हणतात. राज्यानं १९९४ मध्येच, म्हणजे केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत समान हक्क दिला होता. तरी 'साडीचोळी घे आणि सही कर', 'माहेर तुटेल' ही वाक्यं आपल्याला परकी नाहीत. मायऱ्याच्या जागी भाऊबीज आहे, एवढंच.

मग खरी स्वेच्छा ओळखायची कशी?

सगळ्याच हक त्यागांमागे दबाव असतो असं नाही. भाऊ तीन बिघ्यांवर कसाबसा जगतोय आणि बहिणीची शहरात चांगली नोकरी आहे, म्हणून तिनं मनापासून हिस्सा सोडला, हे होऊ शकतं. फरक ओळखायला काही साधे प्रश्न पुरतात.

• सही करण्याआधी तिला आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत किती हे माहीत होतं का?

• तारीख तिनं ठरवली की तेराव्याच्या गडबडीत तिला गाडीत बसवून नेलं?

• दस्त तिनं वाचला का, किंवा कुणी वाचून दाखवला का, आणि त्याची प्रत तिच्याकडे आहे का?

• अर्धा हिस्सा ठेवून अर्धा सोडायचा पर्याय कुणी तिच्यासमोर मांडला का?

• वडील जिवंत असतानाच, लग्नाच्या वेळी, 'पुढे काही मागणार नाही' असं लिहून घेतलं का? वडिलांच्या स्वकमाईच्या मालमत्तेत तेव्हा मुलीकडे फक्त वारसा मिळण्याची शक्यता असते, आणि नुसती शक्यता कायद्यानं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिनं 'नाही' म्हटलं असतं तर पुढच्या राखीला त्या घरात तिचं स्वागत झालं असतं का? उत्तर 'हो' असेल तर ती स्वेच्छा. उत्तर 'नाही' असेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, तिच्यासमोर दोन पर्याय कधी नव्हतेच.

सही करायची घाई नसते, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं. वारस म्हणून नाव लागायला हक त्यागाची गरजच नाही. पाचही नावं नोंदीत लावून घ्यायची, आणि सोडायचाच असेल तर हिस्सा वर्षभरानं, शांतपणे, सगळं कळल्यावर सोडायचा, हा मार्ग खुला असतो. तोपर्यंत पगडी भावाच्या डोक्यावरच राहते. फक्त जमिनीच्या कागदावर बहिणीचंही नाव असतं.